निनादाचा हातचा

२०१० साली इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये काही फुगे फोडण्यात आले. इसवी सन ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा मुख्य घुमट जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच आहे, आणि आतल्या भिंती-खांबांवर संगमरवर आहे. फुग्याचा आवाज क्षणार्धाचा, पण तो विरायला सुमारे अकरा सेकंद लागत होते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कला-इतिहासकार बिसेरा पेंचेव्हा आणि त्याच विद्यापीठातले ध्वनितज्ज्ञ जोनाथन एबल यांना हे अकरा सेकंदच हवे होते. बायझंटाइन काळातलं चर्चसंगीत ज्या वास्तूसाठी रचलं गेलं त्या वास्तूत ते कसं ऐकू येत असेल, हा त्यांचा प्रश्न होता. वास्तू त्या वेळी संग्रहालय होती आणि तिथे गाण्याला परवानगी नव्हती. तेव्हा त्यांनी गायकांना तिथे नेण्याऐवजी तिथला निनाद कॅलिफोर्नियात आणायचं ठरवलं. ‘कापेला रोमाना’ या गायकवृंदाने या निनादात केलेलं ध्वनिमुद्रण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

एका वास्तूचा निनाद दुसरीकडे गाणाऱ्या माणसाच्या आवाजावर चढवायचा, म्हणजे संगणकाला नेमकं काय करावं लागतं? तत्त्व साधं आहे. हिशेब मात्र इतका प्रचंड आहे की तो सरळ मार्गाने करायला गेलं तर चांगला संगणकही हात टेकेल. तो आवाक्यात आणणाऱ्या युक्तीचं नाव ‘ओव्हरलॅप-ॲड’. लांबलचक आवाजाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर स्वतंत्र प्रक्रिया करायची, आणि जिथे एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो तिथे दोन्हींची बेरीज करायची. असं जोडकाम केलं की कुठेतरी सांधा दिसणारच, असं कुणालाही वाटेल. इथे तो दिसत नाही, कारण नीट केलं तर सांधा उरतच नाही.

संगणकासाठी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. मायक्रोफोनवरचा हवेचा दाब सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप एका आकड्यात नोंदवायचं. या प्रत्येक आकड्याला ‘नमुना’ म्हणतात. फुग्याच्या आवाजातून मिळालेला अकरा सेकंदांचा निनाद म्हणजे ५,२८,००० नमुने. (फुगा फुटण्याचा आवाज हा काही आदर्श, एका क्षणाचा ठोका नसतो. त्यामुळे मुद्रित आवाजातून फुग्याचा स्वतःचा स्वभाव वेगळा काढून वास्तूचा निनाद मिळवण्याची पद्धत एबल आणि सहकाऱ्यांना तयार करावी लागली.)

गायकाचा आवाज म्हणजे लहान-मोठ्या ठोक्यांची रांगच. त्यातला प्रत्येक नमुना वास्तूत एकेक फुगा फोडल्यासारखा वागतो. नमुना मोठा असेल तर मोठा निनाद उठतो, लहान असेल तर लहान, आणि प्रत्येक निनाद अकरा सेकंद चालू राहतो. श्रोत्याच्या कानावर कोणत्याही क्षणी जे पडतं ते गेल्या अकरा सेकंदांत उठलेल्या सगळ्या निनादांची बेरीज असते. या क्रियेला गणितात ‘कन्व्होल्यूशन’ म्हणतात. फिल्टर लावणं म्हणजेही हेच, फक्त साध्या फिल्टरची आकड्यांची रांग काही डझन किंवा काही शे आकड्यांची असते. इथला फिल्टर सव्वापाच लाखांहून लांब आहे.

अडचण इथेच आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्यासाठी ५,२८,००० गुणाकार आणि जवळपास तितक्याच बेरजा. सेकंदाला असे ४८,००० नमुने. म्हणजे एका गायकाचा एक सेकंद ऐकवायला सुमारे २,५३४ कोटी गुणाकार. वृंदात अनेक गायक आणि श्रोत्यांभोवती अनेक स्पीकर असतील तर हा आकडा आणखी कितीतरी पट होतो.

यातून सुटण्याची वाट एफएफटी, म्हणजे फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, दाखवते. कोणताही आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या शुद्ध सुरांच्या बेरजेत मांडता येतो. वास्तूसारखी व्यवस्था यातल्या एका सुराचं दुसऱ्या सुरात रूपांतर करत नाही, ती प्रत्येक सूर फक्त कमी-जास्त करते आणि थोडा पुढेमागे सरकवते. म्हणून आवाज आणि निनाद या दोघांचं सुरांमध्ये विघटन केलं तर लाखो निनादांच्या बेरजेची गरजच पडत नाही. पहिल्या सुराला पहिल्याचा गुणक, दुसऱ्याला दुसऱ्याचा, असा एकास एक गुणाकार केला की काम झालं. मग उलट रूपांतर करून सुरांचे परत नमुने बनवायचे. आयबीएममधले जेम्स कूली आणि प्रिन्स्टनचे जॉन ट्यूकी यांनी १९६५ मध्ये हे विघटन झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या थॉमस स्टॉकहॅम यांनी एका संगणक परिषदेत तिचा हा उपयोग मांडला. कन्व्होल्यूशन सरळ करण्यापेक्षा एफएफटीतून वळसा घालून केलेलं स्वस्त पडतं, आणि सिग्नल फार लांब असेल तर त्याचे तुकडे करून हे साधता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. हेच स्टॉकहॅम पुढे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी एक ठरले. वॉटरगेट प्रकरणातल्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची गायब जागा तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळातही ते होते.

पण तुकडे करायचेच कशाला? अख्ख्या मैफलीची एकच एफएफटी का घेऊ नये?

पहिलं कारण उघड आहे. एफएफटीला सगळे नमुने एकदम लागतात. तासाभराचं गाणं असेल तर पहिला सूर ऐकायला मैफल संपायची वाट पाहावी लागेल. दुसरं कारण जागेचं. तासाभराच्या गाण्याचे नमुने होतात १७ कोटी २८ लाख. एफएफटी दोनाच्या घातांकाइतक्या लांबीची घेणं सोयीचं असतं, आणि या लांबीला पुरेल असा पुढचा घातांक सुमारे २६ कोटी ८४ लाखांचा आहे. मधल्या प्रत्येक आकड्याला १६ बाइट धरले तर एकट्या त्या रांगेलाच चार जीबीहून जास्त स्मृती लागते. तिसरं कारण सहज लक्षात येत नाही. एवढी मोठी एफएफटी घेऊन मेहनतही वाचत नाही. एफएफटीचा दर नमुन्यामागचा खर्च तिच्या लांबीबरोबर हळूहळू का होईना, वाढतो. योग्य आकाराचे तुकडे घेतले तर तेच काम कमी गुणाकारांत होतं.

तुकड्यांची ही पद्धत प्राथमिक शाळेतल्या गुणाकाराच्या फार जवळची आहे. १,२३,४५६ ला १२ ने गुणायचं आहे, पण पाटीवर जागा तीनच आकड्यांची आहे, असं समजा. मग संख्येचे १२३ आणि ४५६ असे दोन भाग करायचे. ४५६ गुणिले १२ म्हणजे ५,४७२. तीन घरांत ४७२ मावले, वर आलेला ५ हातचा. पुढे १२३ गुणिले १२ म्हणजे १,४७६, त्यात हातचा ५ मिळवून १,४८१. उत्तर १४,८१,४७२, बिनचूक. हातचा विसरला तर मात्र सांध्यावर चूक होणार. ओव्हरलॅप-ॲडमध्येही प्रत्येक तुकड्याचं उत्तर त्या तुकड्याहून लांब येतं. हे जास्तीचं शेपूट म्हणजेच हातचा, आणि तो पुढच्या तुकड्याच्या खात्यात जमा करायचा असतो.

कागदावर करून पाहता येईल एवढं छोटं उदाहरण घेऊ. निनाद तीनच नमुन्यांचा आहे: ४, २, १. म्हणजे एककाचा ठोका पडला की आधी ४, मग २, मग १ असा आवाज येऊन थांबतो. आणि आवाज आहे बारा नमुन्यांचा:

१, २, ०, ३, १, २, ४, ०, १, २, ०, १

याचे सहा-सहाचे दोन तुकडे करू. पहिला तुकडा १, २, ०, ३, १, २. त्यातल्या प्रत्येक आकड्याचा निनाद मांडून बेरीज केली तर उत्तर येतं:

४, १०, ५, १४, १०, १३, ५, २

तुकडा सहाचा होता, उत्तर आठचं आलं. शेवटचा ठोका सहाव्या जागी पडला आणि त्याचा निनाद सातव्या-आठव्या जागेपर्यंत पोहोचला, म्हणून ५ आणि २ हे दोन आकडे जास्तीचे आले. दुसरा तुकडा ४, ०, १, २, ०, १. तो जणू शांततेतून सुरू होतो आहे, आधी काही घडलंच नाही, असं धरून त्याचंही उत्तर काढायचं:

१६, ८, ८, १०, ५, ६, २, १

आता दुसरं उत्तर सातव्या जागेपासून मांडायचं. सातव्या जागी पहिल्याचा ५ आणि दुसऱ्याचा १६ एकत्र येतात, बेरीज २१. आठव्या जागी २ आणि ८, बेरीज १०. बाकीचे आकडे जसेच्या तसे:

४, १०, ५, १४, १०, १३, २१, १०, ८, १०, ५, ६, २, १

सांध्यावरचा २१ बरोबर आहे का, हे सरळ मार्गाने तपासू. मूळ रांगेत सातवा आकडा ४, त्याच्या आधी २, त्याच्याही आधी १. चार चोक सोळा, दोन दुणे चार आणि एक एके एक, बेरीज २१. आकडा तंतोतंत जुळतो. यात कुठेही अंदाज नाही, गुळगुळीत करणं नाही, दोन्ही बाजूंची सरासरी नाही. हे शक्य होतं कारण वास्तू बेरजेला मान देते. दोन आवाज एकत्र झाले तर त्यांचा निनादही दोघांच्या निनादांची बेरीजच असतो. बारा नमुन्यांचा आवाज म्हणजे पहिला तुकडा अधिक दुसरा तुकडा, मग निनादही पहिल्याचा अधिक दुसऱ्याचा. आवाज कुठे कापला याने काही बिघडत नाही.

वरच्या उदाहरणात तुकड्यांची उत्तरं हाताने काढली. प्रत्यक्षात ती एफएफटीने काढतात, आणि इथे पद्धतीतला सर्वांत नाजूक मुद्दा येतो. एफएफटी आकड्यांच्या रांगेकडे सरळ रेघ म्हणून पाहत नाही. तिच्या लेखी ती रांग वर्तुळाकार असते, शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा पहिला आकडा येतो. सहाच्या तुकड्याची सहाचीच एफएफटी घेतली तर उत्तरालाही सहाच घरं मिळतात. शेपटाचे ५ आणि २ कुठेतरी जाणारच. ते वळसा घालून सुरुवातीला येतात आणि पहिल्या दोन घरांत मिसळतात. मग ४ च्या जागी ९ येतात, १० च्या जागी १२, आणि उत्तर होतं ९, १२, ५, १४, १०, १३. मधले आकडे ठीक, सुरुवात बिघडलेली.

त्यावरचा उपाय म्हणजे आधीच जागा ठेवणं. सहाच्या तुकड्यापुढे दोन शून्यं जोडायची, निनादाच्या तीन आकड्यांपुढे पाच शून्यं जोडायची, आणि दोघांची आठ घरांची एफएफटी घ्यायची. आता शेपटाला स्वतःची दोन घरं आहेत आणि वळसा घालायची वेळच येत नाही. किती जागा लागते याचा नियम एका ओळीत बसतो: तुकड्याची लांबी = एफएफटीची लांबी − निनादाची लांबी + १. आपल्या उदाहरणात ८ − ३ + १, म्हणजे ६.

आता हाच नियम हागिया सोफियाला लावू. निनाद ५,२८,००० नमुन्यांचा. एफएफटीची लांबी दोनाचा विसावा घातांक, म्हणजे १०,४८,५७६ घेतली, तर तुकडा ५,२०,५७७ नमुन्यांचा होतो. निनादाची एफएफटी सुरुवातीला एकदाच घेऊन ठेवायची, कारण वास्तू बदलत नाही. मग दर तुकड्याला एक एफएफटी, दहा लाख अठ्ठेचाळीस हजार जागी एकास एक गुणाकार, आणि एक उलटी एफएफटी. ठोकळ हिशेबाने एका तुकड्याला साधे गुणाकार लागतात ८ कोटी ८१ लाख. आकडा मोठा दिसतो, पण त्यातून पाच लाखांवर नमुने तयार होतात. दर नमुन्याला पडतात सुमारे १६९ गुणाकार. सरळ मार्गाने तेच ५,२८,००० होते. सेकंदाला २,५३४ कोटी गुणाकारांचं काम साधारण ८१ लाखांवर येतं, म्हणजे तीन हजारांहून जास्त पटींनी हलकं होतं.

एफएफटीची लांबी दुप्पट केली तर दर नमुन्याचा खर्च आणखी उतरून ११८ च्या आसपास येतो. कारण शेपटासाठी राखलेली जागा तेवढीच राहते आणि कामाचा भाग वाढतो. त्यापुढे मात्र फायदा झपाट्याने आटतो, आणि एका मर्यादेनंतर खर्च उलटा वाढू लागतो. अख्ख्या तासाची एकच एफएफटी घेतली तर याच हिशेबाने दर नमुन्याला जवळपास १८० गुणाकार पडतात, म्हणजे तुकड्यांपेक्षा जास्तच. दुसऱ्या टोकाला, तुकडा निनादाच्या मानाने फार लहान घेतला तर बहुतेक मेहनत शून्यांवर खर्च होते. जुन्या ध्वनिमुद्रणावर निवांतपणे प्रक्रिया करायची असेल तर निनादाच्या दुपटी-तिपटीचा तुकडा हा समजूतदार सौदा ठरतो.

पद्धत चुकली की कानांना ते लगेच कळतं, आणि कोणती चूक झाली हेही बहुधा ऐकूनच सांगता येतं.

शून्यांची जागा कमी ठेवली तर शेपूट वळसा घालून तुकड्याच्या सुरुवातीला येतं. कानाला ते फार विचित्र लागतं. गायकाने तान घेण्याआधीच तिचा निनाद ऐकू येतो. कोणतीही खरी वास्तू असं करू शकत नाही, त्यामुळे आवाजाआधी प्रतिध्वनी आला की शून्यं मोजायची, इतकं हे लक्षण खात्रीचं आहे. निनाद मंद असेल तर ही चूक सहज लपते. ती उघडी पाडायची असेल तर संपूर्ण शांतता असलेल्या तुकड्यात अगदी शेवटच्या जागी एकच १ ठेवायचा आणि बाहेर काय येतं ते पाहायचं. १ च्या आधी शुद्ध शून्यं आणि १ पासून पुढे जसाच्या तसा निनाद यायला हवा. तुकड्याच्या मध्यावर १ ठेवून घेतलेली चाचणी फसवू शकते, कारण मधून निघालेलं शेपूट कधीकधी उरलेल्या जागेत मावतं.

दुसरी चूक हातचा विसरण्याची. शेपूट पुढच्या तुकड्यात न मिळवता टाकून दिलं, तर प्रत्येक सांध्यावर निनाद अचानक तुटतो. तुकडे मोठे असतील तर ठरावीक अंतराने ‘टक्’ ऐकू येतं. १,०२४ नमुन्यांचे तुकडे असतील तर हे सेकंदाला सुमारे ४७ वेळा होतं, आणि वेगवेगळे ठोके ऐकू न येता आवाजाखाली खर्जातली एक गुरगुर लागते. गुरगुरीची कंपनसंख्या तुकड्याच्या लांबीबरोबर बदलत असेल, तर दोष सांध्यातच आहे हे नक्की. हागिया सोफियासारख्या लांब निनादात आणखी एक बाब सांभाळावी लागते. तुकडा निनादाहून लहान असेल तर शेपूट फक्त पुढच्याच तुकड्यात संपत नाही, ते त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या तुकड्यांत शिरतं. तेव्हा शिल्लक शेपटांची बेरीज एका लांब रांगेत साठवत जावं लागतं, आणि दर वेळी तिच्यातला पुढचा तुकडाभर भागच बाहेर द्यायचा असतो.

तिसरी चूक जाणकारांकडूनही होते. ध्वनिप्रक्रियेत एकमेकांवर चढणारे तुकडे घेऊन, त्यांच्या कडा हळूहळू शून्यावर आणून मग ते जोडायची पद्धतही सर्रास वापरली जाते. आवाजातली खरखर काढणारी कितीतरी सॉफ्टवेअर तसंच करतात. इथे त्याची गरज नाही. ओव्हरलॅप-ॲडने निनाद चढवताना आत येणारे तुकडे धारदार कापायचे, एकमेकांना फक्त खेटून ठेवायचे. चढतात ती बाहेर येणारी उत्तरं. सवयीने कडा उतरत्या केल्या आणि तुकडे मात्र खेटूनच ठेवले, तर प्रत्येक सांध्यापाशी गायकाचा आवाज खाली बसतो.

सगळं नीट जुळलं की सरळ मार्गाचं उत्तर आणि एफएफटीचं उत्तर यांच्यात उरतो तो संगणकाच्या दशांशांचा फरक. २१ च्या जागी कधी २० पूर्णांक आणि पुढे डझनावारी ९ दिसतात. हा फरक पंधराव्या-सोळाव्या अंकात असतो, कानाच्या कुवतीबाहेरचा.

ध्वनिमुद्रण आधीच हाताशी असेल तर गोष्ट इथे संपते. पण गायक समोर गात असेल, आणि त्याला स्वतःचा निनाद गाता गाताच ऐकू यायला हवा असेल, तर? बायझंटाइन गायनात हे टाळता येत नाही. अकरा सेकंदांच्या निनादात गाणारा माणूस आपली लय त्या निनादाकडे कान देऊनच ठरवतो, आधीचा सूर विरत असताना पुढचा त्याच्यावर ठेवतो. आणि वरच्या हिशेबात तर ५,२०,५७७ नमुन्यांचा तुकडा भरेपर्यंत काहीच बाहेर येत नाही. म्हणजे पावणेअकरा सेकंदांहून जास्त शांतता. तुकडा १२८ नमुन्यांचा केला तर ही वाट तीन मिलिसेकंदांच्या आत येते, पण मग सव्वापाच लाखांच्या निनादासमोर १२८ चा तुकडा म्हणजे सगळी मेहनत शून्यांवर.

एमआयटीतले विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात यातून काढलेला मार्ग मुळातल्या कल्पनेचंच पुढचं पाऊल आहे. आवाजाचे तुकडे करता येतात, तसे निनादाचेही करता येतात. निनादाचा जो भाग पाच सेकंदांनी ऐकू येणार आहे, त्याचा हिशेब आत्ता या क्षणी पूर्ण व्हायची गरज नसते, त्याला पाच सेकंदांची सवड असते. म्हणून निनादाचा अगदी सुरुवातीचा छोटा भाग सरळ गुणाकारांनी, नमुन्यामागून नमुना असा, ताबडतोब काढायचा. त्यामागचे भाग ओव्हरलॅप-ॲडने काढायचे, आणि सुरुवातीपासून जितकं दूर जावं तितके तुकडे मोठे करत न्यायचे. उदाहरणार्थ, निनादाच्या २,०४८ व्या नमुन्यापुढच्या भागाला १,०२४ चे तुकडे वापरले तर १,०२४ नमुने गोळा व्हायला आणि तितकाच वेळ हिशेबाला मिळतो, आणि उत्तर नेमक्या वेळेवर तयार होतं. त्याच्या पुढच्या भागांना २,०४८, मग ४,०९६. शेवटी या सगळ्यांची बेरीज. ताबडतोब लागणारा भाग लहान असल्याने महाग पद्धत परवडते, आणि प्रचंड मोठा उरलेला भाग स्वस्तात निघतो. १९९९ मध्ये सोनीने डीआरई-एस७७७ हे यंत्र बाजारात आणलं, आणि खऱ्या सभागृहांचे मोजलेले निनाद चालू आवाजावर चढवणं स्टुडिओच्या रॅकमधल्या एका पेटीत शक्य झालं. आज हेच काम साध्या लॅपटॉपवरचं प्लगइन करतं.

ही पद्धत कुठे थांबते, तेही तिच्या पायातच आहे. ती बेरजेवर उभी आहे, म्हणून बेरजेला न जुमानणारी क्रिया तिला जमत नाही. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा ॲम्प्लिफायर दोन सुरांपासून तिसराच सूर जन्माला घालतो. त्याचे तुकडे करून निनादासारखी बेरीज केली तर उत्तर चुकणार. आणि ती असंही धरून चालते की तुकडा चालू असताना निनाद बदलत नाही. फुगा जिथे फुटला आणि मायक्रोफोन जिथे होता, त्या दोन जागांपुरताच तो निनाद खरा असतो. गायक घुमटाखालून बाजूच्या दालनाकडे चालत जातो आहे असं दाखवायचं तर निनाद वाटेत बदलावा लागेल.

इथे ओव्हरलॅप-ॲडचा एक गुण उपयोगी पडतो. पुढच्या तुकड्यापासून नवा निनाद लावला तरी आधीच्या तुकड्यांची शेपटं जुन्याच निनादाने विरत राहतात. घुमटाखाली गायलेला सूर घुमटाखालच्यासारखाच संपतो, आणि खऱ्या वास्तूतही असंच घडतं. मात्र नेमक्या बदलाच्या जागी नव्या निनादाची सुरुवात जुन्याशी जुळत नाही आणि बारीकसा खटका बसू शकतो. म्हणून त्या एका तुकड्यापुरता हिशेब दोनदा करतात, एकदा जुन्या निनादाने आणि एकदा नव्याने. मग जुन्याचा वाटा हळूहळू उतरवत आणि नव्याचा चढवत दोन्ही उत्तरं मिसळतात. तेवढ्या तुकड्याचे गुणाकार जवळपास दुप्पट होतात, आणि पुढच्या तुकड्यापासून एकच निनाद पुन्हा चालू राहतो.